फॉरच्या पुढचं क्रियापद

त्या वर्षी मी संगमनेरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी ‘अ’ला इंग्रजी शिकवत होते. ‘ब’ तुकडी आमच्या विभागप्रमुखांकडे होती. कॉलेज पत्र्याच्या शेडमध्ये भरायचं तेव्हापासून ते तिथे शिकवत होते. माझी नोकरी दुसऱ्या वर्षात होती. पहिल्या दिवसापासून आमचं जमलं नाही. मी फळ्यावर मराठी वाक्य लिहून त्याच्याशेजारी इंग्रजी मांडायचे, ते त्यांना खपायचं नाही. “इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला, मॅडम?” असं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता वर्तमानपत्र उघडायचे.

घटक चाचणीचे पेपर आम्ही एकमेकांचे तपासायचो. माझ्या तुकडीचे त्यांच्याकडे, त्यांच्या तुकडीचे माझ्याकडे. प्रश्न त्यांनी काढले होते. त्यातला एक होता, चुकलेलं वाक्य दुरुस्त करा: ‘सॉरी फॉर डिस्टर्ब यू.’ माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं होतं, ‘सॉरी फॉर डिस्टर्बिंग यू.’ सगळ्यांच्या उत्तरावर लाल फुली होती.

अकोले तालुक्यातल्या एका खेड्यातून येऊन वसतिगृहात राहणारी मुलगी पेपर घेऊन माझ्याकडे आली. एरवी ती तासाला तोंड उघडायची नाही.

“मॅडम, तुमी सांगितलं तसंच लिवलंय. मग चुकलं कसं?”

ती म्हणत होती तसंच मी खरोखर शिकवलं होतं. मराठीत आपण ‘देबद्दल’ म्हणत नाही, ‘दिल्याबद्दल’ म्हणतो. ‘त्रास दिल्याबद्दल माफ करा.’ ‘बद्दल’ला नुसतं क्रियापद चालत नाही, त्याला नामासारखं करून आणावं लागतं. इंग्रजीत ‘फॉर’चं तेच आहे. ‘फॉर’च्या जागी ‘अबाउट’, ‘विदाउट’, ‘ऑफ’ काहीही येऊ दे, शब्दयोगी अव्ययापुढे क्रियापद आलं की आयएनजी लावायचं. ‘सॉरी टू डिस्टर्ब यू’ हेही बरोबरच. पण ते बहुतेक वेळा दार वाजवताना, त्रास देता देता म्हणायचं. ‘फॉर डिस्टर्बिंग’ त्रास देऊन झाल्यावरही चालतं. चुकलेल्या वाक्यात ‘फॉर’ होता. मुलांनी तो ठेवला आणि क्रियापद सुधारलं. यात फुली मारण्यासारखं काही नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये त्यांच्यासमोर पेपर ठेवला.

“सर, हे उत्तर बरोबर आहे.”

“उत्तरसूचीत ‘टू डिस्टर्ब’ आहे.”

“तेही बरोबर आहे. पण हेही आहे.”

“सॉरीच्या पुढे टू येतं. सत्तावीस वर्षं हेच शिकवतोय. हे फॉर डिस्टर्बिंग तुम्ही मोबाईलवरून उचललेलं दिसतंय.”

“सर, व्याकरणाचं पुस्तक आणून दाखवू का?”

“पुस्तकं मीही वाचलीत. मार्क मिळणार नाहीत.” त्यांनी तो पेपर दोन बोटांनी टेबलाच्या कडेकडे सरकवला. तो खाली पडला. मीच वाकून उचलला. बाकीचे चहा पीत होते.

गुरुवारी मी व्हरांड्यातून चालले होते. ‘ब’च्या वर्गाचं दार उघडं होतं. आतून त्यांचा आवाज आला. ते माझ्या वर्गातल्या मुलांची उत्तरं फळ्यावर लिहून दाखवत होते. मग म्हणाले, “हे ‘अ’वाल्यांचं इंग्रजी. त्यांच्या मॅडमना कोणी शिकवलं, तेवढं जरा विचारून या.” वर्ग हसला.

मी आत गेले. दार वाजवलं नाही, विचारलं नाही. साठेक मुलं होती. मी आवाजही चढवला नाही, आणि त्यामुळे शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

“सर, माझं इंग्रजी तपासायचं असेल तर माझ्यासमोर तपासा. आणि फॉरच्या पुढे आयएनजी येतं एवढं सत्तावीस वर्षांत समजलं नसेल, तर उद्यापासून माझ्या वर्गात बाकावर येऊन बसा. मी पहिल्यापासून शिकवते.”

कोणी हसलं नाही. सर खडू हातात धरून तसेच उभे राहिले. मी बाहेर आले तेव्हा माझं मन खूश होतं. ते मी कबूल करते.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. ते रसायनशास्त्राचे. टेबलावर सरांची लेखी तक्रार होती, इंग्रजीत, एक पान भरून.

“मॅडम, तुम्ही लेखी माफी द्या. तक्रार इंग्रजीत आहे, माफीही इंग्रजीत द्या. हे संस्थेच्या ऑफिसपर्यंत जायच्या आत मिटवू.”

“आणि ते माझ्याबद्दल बोलले त्याचं?”

“त्याची तक्रार तुम्ही केलेली नाही.”

मी घरी एका ओळीची माफी लिहिली: ‘आय ॲम सॉरी फॉर द इन्सिडंट ऑन थर्सडे.’ मुद्दाम तशी लिहिली. ‘फॉर’च्या पुढे नाम घातलं की क्रियापद येत नाही, आणि क्रियापद आलं नाही की ते कोणी केलं हे सांगावं लागत नाही.

सोमवारी आम्ही तिघं प्राचार्यांच्या खोलीत बसलो. सरांनी कागद वाचला.

“इन्सिडंट,” ते म्हणाले. “हा इन्सिडंट आभाळातून पडला का? केला कोणी?”

त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी तिथेच दुसरा कागद घेतला आणि लिहिलं: ‘आय ॲम सॉरी फॉर एन्टरिंग युवर क्लास विदाउट आस्किंग.’

त्यांनी खिशातून लाल पेन काढला. माझ्या माफीवर, जशी अकरावीची वही तपासावी तशी, ‘फॉर एन्टरिंग’ खोडलं आणि वर ‘टू एन्टर’ लिहिलं. मग कागद प्राचार्यांकडे फिरवला.

“एवढं दुरुस्त करून सही करायला सांगा.”

“मी सही करणार नाही,” मी म्हणाले.

प्राचार्य दोघांकडे बघत होते. “मॅडम, दोन अक्षरांसाठी?”

“सर, ‘सॉरी टू एन्टर’ म्हणजे मी आत्ता दारात उभी आहे आणि आत येतेय. मी गुरुवारी आत गेले. झाल्या गोष्टीला टूच लावायचं असेल तर ‘टू हॅव एन्टर्ड’ लिहावं लागेल. यांनी ते लिहिलेलं नाही.” मग मी कागद सरांच्या पुढे धरला. “आणि हे सांगा. ‘विदाउट’च्या पुढचं ‘आस्किंग’ तुम्ही तसंच ठेवलंय. ते का नाही खोडलं?”

सर कागदाकडे बघत राहिले.

“विदाउटला आयएनजी लागतंच,” ते म्हणाले.

“का लागतं?”

त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. प्राचार्यांनाही तोवर समजलं असावं, कारण ते मान खाली घालून पेपरवेट फिरवायला लागले. मला वाटलं, झालं. आता हे उठून जातील.

ते उठले नाहीत. त्यांनी लाल पेन खिशात ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

“ठीक आहे. फॉरच्या पुढे आयएनजी. मान्य. मग क्रियापद तरी खरं लिहा. मी तक्रार वर्गात आल्याची केलेली नाही. वर्गात शिपाईसुद्धा येतो.”

मी तो कागद परत माझ्याकडे ओढला.

“एन्टरिंग लिहिलंत, कारण ते लिहायला सोपं आहे. तुम्ही काय म्हणालात ते मी सांगतो. बाकावर येऊन बसा म्हणालात. मी पाथर्डीकडचा. आई-बाप ऊस तोडायला जायचे, मी त्यांच्याबरोबर. अर्धं वर्ष कारखान्याच्या तळावर. शाळेत माझा बाकच नव्हता. परीक्षा सगळ्या बाहेरून दिल्यात. व्याकरण हाताला लागेल त्या गाईडमधून शिकलो, गाईडमध्ये जे होतं तेच डोक्यात बसलं.” हे सांगताना त्यांच्या आवाजात कसलीही विनवणी नव्हती. उलट मला एखादी शिवी द्यावी तसे ते बोलत होते. “तुम्हाला बीएडच्या कॉलेजात शिकवलं म्हणून येतं. त्यात तुमची काही मर्दुमकी नाही. लिहा आता.”

“मग तुम्हीही लिहा,” मी म्हणाले. “माझ्या मुलांना हसवलंत ते. माझ्या शिक्षणावर बोललात ते.”

“मी तक्रारदार आहे. मी कशाला लिहू?”

प्राचार्य म्हणाले, “मॅडम, प्लीज.”

मी तिसरा कागद घेतला. ‘आय ॲम सॉरी फॉर’ एवढं पटकन लिहून झालं. पुढे हात थांबला. त्या जागी काय बसेल ते मला आता टाळता येत नव्हतं. वर्गात शिकवताना मी नेहमी सांगायचे की इथे नेमकी कृती येते. मी लिहिलं: ‘इन्सल्टिंग यू इन फ्रंट ऑफ युवर स्टुडंट्स.’ खाली सही केली, तारीख टाकली. कागद त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवला आणि त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी वाचला. एका शब्दावरही लाल पेन चालवला नाही. घडी घालून प्राचार्यांच्या फाईलमध्ये ठेवला आणि निघून गेले.

त्या आठवड्यात क्लार्कने मला गुणांची सुधारित यादी दिली. माझ्या तुकडीला त्या प्रश्नाचा एकेक मार्क वाढला होता. यादीखाली सरांची सही होती, कारण लिहिलेलं नव्हतं. अकोल्याच्या मुलीला मी मार्क वाढल्याचं सांगितलं. “व्हय का,” ती म्हणाली, आणि वहीत ते वाक्य पुन्हा लिहून घेतलं.

आमच्यातलं वैर त्यानंतर कमी झालं नाही. पुढच्या वेळापत्रकात मला शेवटचे तास मिळाले, जेव्हा एसटी पकडणारी मुलं दप्तर भरून बसलेली असतात. मी त्यांच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेतल्या चुका शोधून लेखी कळवायचे, अगदी स्वल्पविरामसुद्धा. ते माझ्या पाठांच्या टाचणवहीवर उशिरा सही करायचे. ते निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं आम्ही एकमेकांशी कामापुरतंही बोललो नाही, चिठ्ठ्या पाठवायचो. निरोप समारंभात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असूनही ते पलीकडे जाऊन बसले. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

माझ्या बाजूचं जे राहिलं ते वेगळं आहे. मी त्यांना साठ मुलांसमोर बोलले होते आणि माफी मागितली ती बंद खोलीत, तिघांत. ‘ब’च्या वर्गात परत जाऊन तीच ओळ फळ्यावर लिहायला मला पाच मिनिटं लागली असती. त्या वर्षी मी त्या दारावरून रोज जायचे. कधी आत सर शिकवत असायचे, कधी वर्ग मोकळा असायचा. मी एकदाही आत गेले नाही.