तुरीच्या डाळीचा पट

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझ्या कायम होण्याला एकच होतं, पण ते धिप्पाड होतं, पांढरा सदरा घालायचं आणि त्याची डाळमिल होती.

मनीषनगरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावीला गणित शिकवत होते. कंत्राटावर. दर जूनला नवं कंत्राट, दर उन्हाळ्यात ‘बघू’. संस्थेचे अध्यक्ष नरखेडकडचे. संत्र्याच्या बागा तिकडे, मिल इकडे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. ते भेटले की हसून सांगत, “मॅडम, तुमचं काम झालंच समजा. फक्त सही राह्यली.” बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी खाऊन मी अनेक वर्षं काढली. घरी नवरा विचारायचा, “झालं का?” मी म्हणायची, “झालंच समजा.” मग दोघंही हसायचो. पुढे पुढे मला ते हसू येईनासं झालं.

संस्थेत एक रीत होती. कायम करण्याआधी भाऊ स्वतः एक पाठ बघायचे. माझे पाठ त्यांनी इतक्या वेळा पाहिले होते की अकरावीची परीक्षा ते सहज पास झाले असते. त्या वर्षी मी गुणोत्तर श्रेढी घेणार होते, तीच बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट. पटाचा खेळ शोधणारा राजाकडे बक्षीस मागतो : पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरं. राजा हसतो, एवढंच ना म्हणतो आणि फसतो.

भाऊंना ही गोष्ट प्राचार्यांकडून कळली. ते फार खूश झाले. “तांदूळ काहून? आपली डाळ वापरा,” म्हणाले. “पूर्ण पट भरा. फोटो काढू. पाकिटावर छापतो.”

प्राचार्य मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, ते होत नाही म्हणून सांगू नका हं. पट भरला की सही करतो म्हणाले.”

“सर, पट भरत नाही.”

“थोडी डाळ कमी-जास्त झाली तर चालते.”

प्राचार्य इतिहासाचे. राजे कसे बुडतात ते त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

पाठाच्या दिवशी हॉलच्या फरशीवर पोरांनी खडूने मोठा पट आखला. भाऊ मिलमधून डाळीचे तीस किलोचे चार कट्टे आणि वजनकाटा घेऊन आले. मागे प्राचार्य, काखेत नेहमीची फाईल. भाऊ कुठे आणि कधी सापडतील याचा नेम नसल्यामुळे प्राचार्य माझ्या नेमणुकीसकट सहीचे सगळे कागद घेऊनच हिंडत.

पोरांनी पहिल्या घरात डाळीचा एक दाणा ठेवला. भाऊंनी टाळी वाजवली. पहिली ओळ संपली तेव्हा शेवटच्या घरात एकशे अठ्ठावीस दाणे होते आणि सगळे मिळून दोनशे पंचावन्न. एक मूठही नाही. “पाहा, होऊन राहिलं ना!” भाऊ प्राचार्यांना म्हणाले.

दहाव्या घरानंतर मोजण्यात अर्थ नव्हता. शंभर दाण्यांचं वजन साधारण चार ग्रॅम भरलं, म्हणून पुढचं सगळं काट्यावर. सोळाव्या घरात सव्वा किलोच्या वर डाळ गेली. एकोणिसाव्यात साडेदहा किलो. पहिल्या कट्ट्यात नऊ किलो उरली आणि विसाव्या घराला एकवीस हवी होती.

“काहून थांबल्या?” भाऊंनी विचारलं. “एका कट्ट्यात एकोणीस घरं झाली. चार कट्ट्यात शहात्तर. तुमाले तर चौसष्टच पाह्यजेत. उलट डाळ उरन.”

वर्ग हसला. मी नाही हसले. माझी नोकरी त्या हिशोबावर टांगलेली होती.

दुसरा कट्टा फोडला. एकच घर भरलं, विसावं. एकविसाव्याला बेचाळीस किलो लागणार होती आणि हाताशी अठरा. तिसरा कट्टा फोडला तेव्हा ते भरलं आणि सहा किलो उरली. चौथा फोडला, आणि कुठलंच घर भरलं नाही. बाविसाव्याला चौऱ्याऐंशी किलो लागणार होती. भाऊ त्या कोऱ्या घराकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना डाळ कमी पडली असावी.

“हे कसं काय?” ते म्हणाले. आवाज जरा उतरला होता.

मी फळ्याकडे गेले. सगळ्या पटाची बेरीज लिहिली : एक अधिक दोन अधिक चार, असं दोनाच्या त्रेसष्टाव्या घातापर्यंत. खाली तीच बेरीज दुप्पट करून लिहिली : दोन अधिक चार, असं दोनाच्या चौसष्टाव्या घातापर्यंत. खालच्यातून वरची वजा केली. मधलं सगळं कापलं गेलं. उरलं काय? दोनाचा चौसष्टावा घात, वजा एक. वीस आकडी संख्या.

“कोणतंही घर घ्या,” मी म्हणाले, “त्यात मागच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा एक दाणा जास्त असतो. म्हणून तुमचा अख्खा कट्टा एका घरात जातो.”

भाऊ हुशार माणूस. त्यांना ते चटकन कळलं. कळलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“म्हणजे पट काही भरत नाही,” ते म्हणाले. “बरं झालं सांगितलं. पण पाठ एक नंबर झाला मॅडम. तुमची त्रेसष्ट घरं भरली समजा. एक राह्यलं, सहीचं. आता तुमीच म्हणता का शेवटचं घर सगळ्यांत मोठं असते. मग ते एका दिवसात कसं भरन?”

माझंच सूत्र आणि माझ्याच गळ्याशी. राग इतका आला की डस्टर फेकावंसं वाटलं. पण समोर वर्ग होता, आणि पाठ अजून संपला नव्हता.

“भाऊ,” मी म्हणाले, “माझी मागची त्रेसष्ट घरं भरली, हे तुम्हीच म्हणालात ना?”

“म्हटलं ना.”

“मग ती सगळी एकत्र केली तर शेवटच्या घराइतकं व्हायला किती कमी पडतं?”

मागून एक मुलगी ओरडली, “एक दाणा, मॅडम!”

मी पटाच्या पहिल्या घरातून तो एकुलता दाणा उचलला आणि प्राचार्यांच्या फाईलवर ठेवला. “शेवटच्या घराइतकं मी आधीच भरलंय, भाऊ. एवढा एक तुमच्याकडून पाहिजे.”

भाऊंनी दाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग पोट हलेपर्यंत हसले. “लय बेरकी हाय गा तुमची मॅडम,” ते प्राचार्यांना म्हणाले आणि सवयीने खिसे चाचपले. “पण पेन नाही ना आणलं.”

ही त्यांची नेहमीची पळवाट होती. त्या दिवशी ती बंद झाली. वर्गातल्या एकूणएक पोराने पेन पुढे केलं. निळी, काळी, एक तर गुलाबी. भाऊंना ते गुलाबी घ्यावं लागलं, कारण तेच नाकाला टेकलं होतं.

माझा कायम नेमणुकीचा कागद गुलाबी सहीचा आहे. बघून मला अजून रडू येतं, मग हसू.

डाळ मात्र भाऊंनी सोडली नाही. पोरांकडून झाडून गोळा करून घेतली, परत काट्यावर तोलली आणि चारही कट्टे शिवून मिलमध्ये नेले. त्यात एक दाणा कमी आहे. तो माझ्या पर्समध्ये आहे, पण त्यांचा काटा तेवढं दाखवत नाही.