दुसरी कातर

मेंढरांविषयी मी लिहावं हे धाडसच आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी लालबागच्या चाळीत वाढलो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कातर हातात धरली ती एकदाच, तीही चुकीच्या रीतीने.

वडील परळच्या एका लोकरीच्या गिरणीत लोकर निवडायचं काम करत. गिरण्यांचा संप लांबला तेव्हा आम्ही दोघं माणदेशात काकांकडे गेलो. काकांची चौदा मेंढरं. आदल्या खेपेची लोकर घोंगडी विणणाऱ्याने परत केली होती. काटे फार, सूत तुटतं. यंदाही तसंच निघालं तर पुन्हा घेणार नाही, असा त्याचा निरोप होता.

वडील म्हणाले, "या वेळी मी सांगतो तसं कर."

काका हसले. "दादा, मिलमधी लोकर पोत्यातनं येती. मेंढरावरची तुला काय ठावं?"

"पोत्यातनं काय काय घाण येती, ते ठावं हाय की."

पाऊस सरून उन्हं तापू लागली होती. मेंढरं ओढ्यात धुतली आणि लोकर मुळापर्यंत वाळेतो दोन दिवस थांबलो. ओलसर बांधली की ती आतून उबते, पिवळी पडते. कातरायच्या आदल्या संध्याकाळपासून चारा बंद, कारण भरल्या पोटी आडवं पाडलं की जनावराला दम लागतो. अंथरायला काकांनी गोणपाट आणला, तो वडिलांनी बाजूला सारला. त्याचा धागा लोकरीत शिरला की निघत नाही. मग जुनं धोतर अंथरलं.

काका एका हाताने कातडी ताणत आणि कातर अंगाला सपाट धरून पुढे नेत. मलाही एक मेंढी दिली. माझी कातर वरच्या वर चालली, अंगावर पायऱ्या पडल्या. लाज वाटून मी पुन्हा सगळीकडे कातर फिरवली आणि मेंढी गुळगुळीत केली.

"वा! लालबागात सलून काढ," काका म्हणाले.

वडिलांनी चिमूटभर लोकर उचलली. नखाएवढे तुकडे होते. "हे दुसऱ्या कातरीचं. सुतात ह्याच्याच गाठी होतात. मेंढी ओबडधोबड दिसू दे, पण लोकर एकदाच कापायची."

मीच त्यांना काकांपुढे खाली पाहायला लावलं, असं मला वाटलं. लोकर त्यांनी बाजेवर पसरून झटकली, तसे बारीक तुकडे सुंभाच्या फटींतून गळू लागले. पोटाची, पायांची, लेंड्यांनी माखलेली, काटे अडकलेली लोकर त्यांनी वेगळी काढली. हात भराभर चालत होते, नजर मात्र संथ. गिरणीच्या फाटकाच्या आत मी कधी गेलो नव्हतो. वडिलांना कामावर पाहिलं ते त्या दुपारी, पहिल्यांदा. थोड्या वेळाने काका बाजेच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि त्यांच्यासारखंच निवडू लागले.

आम्ही परत आलो. गिरणी उघडली नाही. बऱ्याच दिवसांनी काकांचं पत्र आलं, शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. लोकर विणणाऱ्याने ठेवून घेतली, सूत तुटलं नाही. आणि त्याने सांगितलंय, पुढच्या खेपेला दादा आल्याशिवाय कातर लावू नका.