दाजींना दिलेला पाना

न्हावऱ्याच्या चौकात ज्ञानूचं टायरचं दुकान आहे. चाक चढवून झालं की तो नट तपासतो, आणि पुन्हा तपासतो. लोक म्हणतात, "आटे झिजवशील की रं." तो हसत नाही.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या बहिणीचा, शितलचा, नवरा ईश्वर राहू गावाहून जीप घेऊन आला. मागं जुन्या बाजारातली चार अलॉय चाकं. ईश्वर पूर्वी सणसवाडीत एका साहेबाची कार चालवायचा. नोकरी सुटली तशी त्यानं लग्नाच्या भाड्यांसाठी जीप घेतली. चाकं चमकली तर नवरदेव आपल्याच गाडीत बसेल, असं त्याला वाटत होतं.

ज्ञानूनं एक अलॉय हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, स्टडवर, टांगलं, जीपचाच नट हातानं फिरवला आणि थांबला.

"दाजी, ह्यो नट निमुळता हाय. लोखंडी चाकाची भोकं निमुळती, त्यात त्यो बसतो. ह्या अलॉयची भोकं सरळ, तोंड सपाट. ह्याला वायसरवाला सपाट नट लागतो. ह्यो नुसता काठावर टेकलाय, सुटंल."

"सायबाच्या गाडीला अलॉयच व्हतं. निमुळतंच लावायचो मी."

"तिला स्टडच न्हवतं. हबमधी जाणारं बोल्ट व्हतं, आन् चाकाची भोकंबी निमुळती. नट असू द्या न्हाईतर बोल्ट, बूड आन् भोक जुळाय पायजे."

"आता तू मला गाडी शिकव."

"पुण्यास्नं नट आणतो. दोन दिस थांबा."

"उद्या वरात हाय."

ज्ञानूनं चाक उतरवलं. "मग मी न्हाई बसवणार."

"नको बसवू. पाना दे."

दुकानामागच्या घरातून चहा घेऊन आलेली आई, अनसाबाई, दारात उभी होती. लग्नानंतर जावयानं या घरात पहिल्यांदाच काही मागितलं होतं. ती ज्ञानूकडं बघत राहिली. ज्ञानूनं पाना दिला.

ईश्वरनं समोरच्या लिंबाखाली स्वतःच चाकं चढवली. पान्यावर उभं राहून नट आवळले. जाताना म्हणाला, "बघ, बसली का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी वरात पोचवून तो एकटाच परतत होता. पुढचं चाक निखळलं. जीप कालव्यात गेली. ईश्वर वाचला नाही.

दहाव्यानंतर ज्ञानू कालव्यातून काढून शितलच्या दारात ठेवलेली जीप बघायला गेला. पुढचे स्टड एकामागून एक मोडलेले. मागच्या चाकाचे नट अजून जागेवर होते, पण बोटांनी फिरले. प्रत्येकाच्या निमुळत्या बुडाला अलॉयचं पांढरं कडं चिकटलं होतं. त्यानं सांगितलं होतं ते सगळं खरं होतं. कुणालाच त्याचा उपयोग नव्हता.

शितलनं सीटमागून पाना काढून पुढं केला. "तुझा हाय ना?"

"व्हय."

तिनं आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर 'मी नको म्हणालो' आणि 'मीच पाना दिला', ही दोन्ही वाक्यं त्याला एका दमात सांगावी लागली असती.

ज्ञानू अजून त्याच पान्यानं नट तपासतो. बाजारात तसा पाना कुठंही मिळतो. ज्ञानूनं दुसरा घेतलेला नाही.