घसरणारा पट्टा, न घसरणारी साखळी

देवबागच्या हौसाबाईचा खोबरेलाचा घाणा इंजिनावर चाले. चाल मंद, पण ओढ भलतीच. चामड्याचा पट्टा पावसाळी हवेत सैल पडून सारखा घसरे, डिझेल फुकट जळे आणि हौसाबाई त्याला शिव्या मोजी. शेवटी गुरुदास मिस्त्रीने पट्टा काढून साखळी चढवली.

"काकी, ही घसरूची नाय. पण खडखड करतली, आणि खाऱ्या वाऱ्यात गंजतली. रोज तेल घाल."

खडखडाटाने कान किटले, पण डिझेल वाचू लागलं. हौसाबाई खूश!

एक सवय मात्र तिने सोडली नाही. लाटेखाली, म्हणजे घाण्यात फिरणाऱ्या जाड लाकडी दांड्याखाली, खोबरं अडकलं की ती चालत्या घाण्यातच ते उकरी. पूर्वी काही अडकलं की पट्टा किंचाळून घसरे, घाणा थांबे.

त्या सकाळी तिने लोखंडी सळीने उकरायला घेतलं आणि सळीच अडकली. घाणा थांबला नाही. काडकन लाट फुटली. गुरुदासने धावत येऊन इंजिन बंद केलं, तेव्हा सळीचा पार आकडा झाला होता.

"काकी, खंय लागला काय गो?"

 हौसाबाई नुसती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. काल सळी सापडली नव्हती, म्हणून तिने हातच घातला होता.