खोडलेला ‘काटेकोर’

मोठ्या सिस्टरांचं उभं आयुष्य वॉर्डात गेलं, पण कुणाचं तोंडदेखलं कौतुक त्यांनी कधी केलं नाही. हाताखालची धाकटी नर्स दुसऱ्या हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात अर्ज करत होती. शिफारसपत्राचा मसुदा तिनेच लिहून आणला. सिस्टरांनी त्यातला ‘काटेकोर’ खोडला.

तिचा चेहरा पडला. “ताई, मी कामात कधी कमी पडले का?”

“मुळीच नाही. म्हणून तर ‘मेहनती’ राहू दिलं. मेहनती माणूस कामाला कंटाळत नाही. काटेकोर माणूस डोसातलं दशांशचिन्हसुद्धा दोनदा तपासतो. तुला ते अजून सांगावं लागतं. आणि तिथे तर थेंबाथेंबाचा मामला, बाई.”

मग त्यांनी ‘स्वतःहून पुढाकार घेणारी’ असं लिहिलं, आणि खाली प्रसंगही लिहिला: रुग्णाचा श्वास बिघडतोय हे हेरून कुणी सांगायच्या आत तिने ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं.

पत्र वाचून त्या हॉस्पिटलाने तिला बाळांकडे नव्हे, तातडीच्या विभागात घेतलं. बातमी सांगायला ती धावतच आली.

“तुमच्यावर रुसले होते मी,” ती म्हणाली.

“रुस खुशाल,” सिस्टर हसल्या, “पण डोस दोनदा तपास.”