वेळेअभावी

त्या दिवशी कारंज्याच्या परिसंवादात वेळ कमी पडला नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. वेळ होता. संपला म्हणून मी सांगितलं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. बोलणं जमतं, म्हणून आमच्या वाशिम जिल्ह्यात कुठे मेळावा, चर्चासत्र असलं की सूत्रसंचालनाला मला बोलावतात. एरवी मी घुम्याच. माइक हातात आला की बदलतो. कारंज्याला एका मंगल कार्यालयात भाजीपाला पिकवणाऱ्यांचा मेळावा होता आणि परिसंवादाचा विषय होता 'शेततळं आणि भाजीपाला'. वक्ते तीन: एक कृषी पदवीधर, एक ठिबकचे जाणकार आणि मंगरूळपीरजवळची एक भाजीवाली बाई. ती वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवते आणि बाजारात स्वतः बसून विकते.

तयारी मी नेहमीच चोख करतो. प्रत्येक वक्त्याला आधी फोन करायचा, त्याचे मुद्दे विचारायचे, दोघांचं बोलणं एकावर एक येणार नाही हे बघायचं, क्रम ठरवून सांगायचा. भाजीवाल्या ताई फोनवर बुजत होत्या, म्हणून मी त्यांच्या घरीच गेलो.

"मी कायले पाह्यजे तिथं?" त्या म्हणाल्या. "वांगे विकाचे असन तं सांगा, ओरडून विकते."

त्यांचे यजमान हसले. "सर, हिले एकदा सुरू केलं का थांबवनं मुश्कील हाय. टाइम तुमी सांभाळजा."

मग ताईंनी त्यांना काय बोलायचं होतं ते सांगितलं. त्यांची मुलगी शेततळ्यात बुडून गेली होती. बारावीला होती. मोटर पाणी ओढेना म्हणून पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाचा, फुटवॉलचा कचरा काढायला काठावर उतरली आणि घसरली. तळ्याला प्लास्टिकची पन्नी अंथरलेली, तिच्यावर शेवाळ. धरायला काही नाही. "लोक म्हन्तात पोहता येत नसन," ताई म्हणाल्या. "येत होतं, भाऊ. पोहून पोहून थकली माही पोट्टी. काठ हातात आला का सुटे, हातात आला का सुटे. पन्नीवर नखाचे ओरखडे होते."

आता त्यांनी तळ्याला कुंपण केलं होतं आणि बांधावर खुंट ठोकून चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडले होते. तेवढंच त्यांना सांगायचं होतं. पाणी घ्या, पण दोर टाका. त्याच्यासाठी त्या कारंज्याला यायला तयार झाल्या, नाहीतर स्टेजच्या नावानं त्यांना घाम फुटे.

मी म्हटलं, "पहिलं वाक्य तेवढं पाठ करा ताई. बाकीचं आपोआप येतं." पहिलं वाक्य आम्ही दोघांनी मिळून ठरवलं: माझ्या मुलीला पोहता येत होतं. त्या ते "माह्या पोरीले" असंच म्हणत राहिल्या. मी म्हटलं, असंच म्हणा. क्रमात त्यांना मी शेवटी ठेवलं. ऐकणाऱ्यांनी जाताना तेच घेऊन जावं, असा माझा हिशेब होता. हा हिशेब खरा होता, एवढं मला म्हणू द्या.

आमच्याकडे प्रमुख पाहुणे उद्घाटनाला येत नाहीत, मध्येच येतात. पदवीधराचं झालं, ठिबकवाले रंगात आले आणि बाहेर गाड्या वाजल्या. ठिबकवाल्यांना अर्ध्या वाक्यात थांबवून सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, फोटो, मग ज्याचा राहिला त्याचा सत्कार. पाहुणे मनमुराद बोलले. कुठल्याशा जिल्हा समितीवर माणसं घ्यायची आहेत, अभ्यासू माणसं हवीत, असंही बोलले. बोलून झाल्यावर, नवल म्हणजे, उठले नाहीत. बसून राहिले.

ताई खुर्चीच्या टोकाशी बसल्या होत्या. ओठ हलत होते. ते वाक्य म्हणत असणार.

तेवढ्यात आयोजक मागून वाकून माझ्या कानाशी बोलला, "सर, भाजी शिजाची हाय अजून. लोकायले बसवून ठेवा. ताईले आरामात बोलू द्या."

इथे सगळं माझ्या हातात होतं. माझ्या खिशात समारोपाचं भाषण होतं, दोन रात्री खपून केलेलं. पाहुणे समोर होते. ताई बोलल्या तर सभागृह रडेल, आणि रडलेल्या सभेपुढे माझी वाक्यं पोचट वाटतील, हे मला शिक्षकी अनुभवानं कळत होतं. शिवाय पाहुणे कधी उठतील याचा नेम नव्हता. मी माइक घेतला आणि म्हणालो, "वेळेअभावी आपल्याला इथेच थांबावं लागतंय. ताईंची मी क्षमा मागतो." आणि पुढे समारोपाचं सगळं भाषण केलं. जेवण तयार होईपर्यंत पुरलं ते. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी पाठ थोपटली. समितीचं पुढे काही झालं नाही, पण ते मी रडगाणं म्हणून सांगत नाही.

कार्यक्रमानंतर लोक भेटतात तेव्हाच खरं बोलणं होतं, असं मी नव्या सूत्रसंचालकांना नेहमी सांगतो. मंचावरून उतरून लगेच पळू नका, थांबा, ऐका. त्या दिवशी मीही थांबलो. जेवणाच्या रांगेत मानोऱ्याकडचा एक शेतकरी भेटला. "सर, मस्त बोलले. मी बी तळं खोदून राह्यलो. काय काय पाहू?" मी त्याला पन्नीच्या जाडीबद्दल सांगितलं, जोड कुठे येऊ द्यायचा नाही ते सांगितलं. दोराचं सांगितलं नाही. विसरलो असं म्हणता येईल. खरं म्हणजे ताई पलीकडेच ताट घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्यादेखत तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. त्या माणसाचं गाव मी विचारलं नाही.

मग ताईच माझ्याकडे आल्या. मी बोलायच्या आधी म्हणाल्या, "जीव नोका जाळू भाऊ. तुमचा काय दोष? त्या पाव्हन्यानं खाल्ला टाइम." आणि हसून म्हणाल्या, "बरंच झालं एका परीनं. माहे पायच लटलट कापून राह्यले होते."

तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "पुढच्या वेळी नक्की, ताई." त्यांनी मान हलवली. मग यजमानांना म्हणाल्या, "चला, मंगरूळची बस हुकन." वळताना डोळे पुसले. पदरानं तोंड पुसावं तसं, कुणाला कळू नये म्हणून.

पुढची वेळ आली नाही. मेळावे झाले, मलाच बोलावणी आली. दोनदा मला वक्ते सुचवायला सांगितलं, तेव्हाही मी त्यांचं नाव घेतलं नाही, कारण त्या मंचावर आल्या असत्या तर कारंज्याचा आयोजक, जो अशा प्रत्येक मेळाव्याला असतो, सहज बोलून गेला असता की त्या दिवशी वेळ होता. बाजारात त्या दिसतात. मला पाहिलं की सांभाराची जुडी जास्तीची टाकतात. परवा म्हणाल्या, "कुठं बोलाचं असन तं सांगजा सर. ते वाक्य अजून पाठ हाय." मी जुडी घेऊन घरी आलो.

त्या मानोऱ्याच्या शेतकऱ्याच्या तळ्यात दोर आहे की नाही, मला माहीत नाही. त्याला शोधून दोराचं सांगणं माझ्याकडे बाकी आहे. ताईंना खरं सांगणं बाकी आहे, त्यांच्या दारात जाऊन, यजमानांसमोर. आणि भरल्या सभेपुढे त्यांच्या हातात माइक देऊन, त्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसणं बाकी आहे.