चौथ्या आठवड्यातली ओळख

फलकताईला तिचं खरं नाव कोणी विचारत नसे, आणि तीही सांगायच्या फंदात पडत नसे. तरुणपणी मोर्चा निघाला की फलक तिनेच रंगवायचे, हे ठरलेलं. शिक्षण अर्धवट सुटलं होतं, पण चार शब्दांत समोरच्याच्या वर्मावर बोट कसं ठेवायचं, हे ती रस्त्यावरच शिकली. पुढे मोर्चे विरळ झाले आणि पोटाला तर लागतंच. मग ती दुकानदारांना, दवाखान्यांना, शिलाईवाल्यांना मोबाइलवर टाकायच्या पोस्टचा मजकूर लिहून द्यायला लागली. तिची वहिनी म्हणायची, "आधी सरकारला शिव्या लिहायचीस, आता साबणाचं कौतुक लिहितेस." त्यावर ती म्हणे, "साबण निदान फेस तरी काढतो."

शिकवणीचा नवा वर्ग निघाला तेव्हा तिथल्या सरांनी तिला बोलावलं. बँकेच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. रंगाचा वास अजून गेला नव्हता आणि बाकांवरचं प्लास्टिक तसंच होतं. सर विज्ञान शिकवत. आधी दुसऱ्या एका वर्गात होते, तिथून वर्षाच्या मध्येच बाहेर पडून त्यांनी हे थाटलं होतं. महिन्याअखेरीस पहिली बॅच सुरू करायची होती.

"रोज एक पोस्ट," सर म्हणाले. "आणि रोज एकच गोष्ट. प्रवेश सुरू, त्वरा करा."

"रोज दारात उभं राहून हाका मारणाऱ्याकडे माणूस बघत नाही सर. दार लावून घेतो."

तिने महिन्याचा तक्ता मांडला. हिरवे चौकोन अभ्यासाच्या युक्त्यांचे, तेच सगळ्यात जास्त. निळे शिक्षकांच्या ओळखीचे. लाल चौकोन प्रवेशाच्या आठवणीचे. ते सुरुवातीला तुरळक आणि बॅचची तारीख जवळ येईल तसे दाट. प्रत्येक मजकुराची पहिली ओळ अशी, की 'आणखी वाचा'वर बोट जायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्या आड दडलेलं असतं. आणि शेवटी एकच सांगणं: फोन करा, नाहीतर प्रश्न विचारा. दोन्ही एकदम नाही.

"जागा भरत आल्या, असं टाका की," सर म्हणाले.

"किती भरल्या?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. तिने ती ओळ लिहिली नाही.

शिक्षकांच्या ओळखीत अडचण एकच होती. गणिताच्या बाई. त्या अजून शाळेत होत्या. राजीनामा दिलेला होता, पण तो फक्त मुख्याध्यापकांना ठाऊक होता. बाई फलकताईसमोर बसून शांतपणे म्हणाल्या होत्या, "माझी दहावीची मुलं आहेत. सराव परीक्षा होईपर्यंत त्यांना हे कळता कामा नये. त्यानंतर मी स्वतः सांगणार. तोवर माझं नाव नको, फोटो नको."

फलकताईने बाईंचा निळा चौकोन चौथ्या आठवड्यात नेऊन ठेवला. सराव परीक्षा त्याच्या आधी संपत होती.

हिरव्या पोस्ट बऱ्या चालल्या. 'पुस्तक मिटा आणि आठवेल ते लिहा' ही तर पालकांनी एकमेकांना पाठवली. पण फोन क्वचितच येई. करणारा विचारायचा एकच: गणित कोण शिकवणार?

"बाईंना पुढे घ्या," सर म्हणाले. "ह्याच आठवड्यात."

"शब्द दिलाय."

"तुम्ही शब्दांच्याच व्यापारी ना? काढा काहीतरी वाट."

हा टोमणा तिला झोंबला. आपल्याला जमणार नाही असं कोणी सुचवलं की तिचं डोकं फिरायचं, आणि फिरलेल्या डोक्याने ती नेहमीच हुशारी करायला जायची. बाईंनी नमुना म्हणून एक गणित इथल्या फळ्यावर सोडवून ठेवलं होतं. तिने तेवढ्याच फळ्याचा फोटो घेतला. चेहरा नाही, नाव नाही. वर ओळ लिहिली: 'ह्या हाताने सोडवलेलं गणित मुलं विसरत नाहीत.' बाईंना विचारावं असं एकदा मनात आलं होतं. पण यात विचारण्यासारखं काय आहे, असं स्वतःलाच सांगून तिने पोस्टला संध्याकाळची वेळ लावून ठेवली.

संध्याकाळी पोस्ट आली आणि थोड्याच वेळात खाली पहिली प्रतिक्रिया पडली: 'उत्तराभोवती ढगासारखी चौकट? हे आमच्या बाईंचं अक्षर आहे.' मागोमाग दुसरी: 'सातला मधे रेघ. शंभर टक्के बाईच.' मग एका मुलीने लिहिलं, 'बाई, तुम्ही आम्हाला सोडून चाललात का?'

सरांचा फोन आला तेव्हा आवाज फुललेला होता. "ताई, कमाल केलीत. चौकशीचे फोन थांबेनात."

"मी पोस्ट काढतेय."

"वेड लागलंय का? महिन्यात पहिल्यांदा काहीतरी हललंय."

"हललंय तेच काढतेय."

तिने पोस्ट काढली. काढून उपयोग नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं. मुलांनी फोटो केव्हाच एकमेकांना पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. माफी मागायची सवय नव्हती. कलेक्टरसमोरही तिची मान कधी खाली गेली नव्हती, पण इथे तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना. गणिताच्या बाई बाहेर आल्या आणि न थांबता चालायला लागल्या. ती शेजारून चालू लागली.

"चूक माझी," ती म्हणाली. "सरांनी घाई केली, पण फोटो मी घेतला. तुम्हाला विचारलं नाही."

"हो," बाई म्हणाल्या.

चौकापाशी त्यांनी चालणं जरा मंद केलं.

"पहिल्या तासाला वर्गात गेले तर कोणी उभंच राहिलं नाही," बाई म्हणाल्या. "नंतर उठले सगळे, पण उशिरा. मी सांगून टाकलं. एकाने विचारलं, फी भरली तर तिकडे शिकवाल का? तेवढं मात्र लागलं मला."

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, तुम्हाला इथेच शिकवणार, शेवटचा पेपर होईपर्यंत. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांकडे जाऊन राजीनाम्याची तारीख पुढे ढकलून आले. तुमच्या सरांना सांगा, महिन्याअखेरीस मी येत नाही. परीक्षेनंतर हवी असेन तर येईन."

"आणि तुमच्या ओळखीचं?"

"आधी मला पाठवा. मी वाचल्याशिवाय काहीही जाणार नाही."

सरांनी कपाळाला हात लावला. गणिताविना बॅच म्हणजे चाकाविना गाडी, असं बरंच काही बोलले. फलकताईने सगळं बोलू दिलं आणि तक्ता उघडला. चौथ्या आठवड्यातला निळा चौकोन तसाच ठेवून तिने नवा मजकूर लिहिला आणि बाईंना पाठवला. 'नामवंत' आणि 'मुलांच्या लाडक्या' हे शब्द गाळून तो परत आला. उरलं ते असं: 'आमच्या गणिताच्या बाई सध्या शाळेतल्या त्यांच्या वर्गाबरोबर आहेत. मुलांची परीक्षा झाली की त्या इथे शिकवतील. गणिताची बॅच तेव्हाच सुरू होईल. विज्ञान आणि भाषा ठरल्या दिवशी.'

"आपल्याकडे जे नाही ते जाहिरातीत कोण लिहितं?" सर म्हणाले.

"लिहिलं नाही तर पहिल्याच दिवशी पालक विचारणार. तेव्हा काय, फळ्याचा फोटो दाखवणार?"

सरांनी कुरकुरत होकार दिला.

पोस्ट गेली त्या दिवशी एका वडिलांनी प्रवेश रद्द केला आणि दोघांनी 'मग बघू' म्हणून फोन ठेवला. दुपारी एक आई जिना चढून आली. दम खात बाकावर बसली.

"त्या बाई वर्ग अर्ध्यात टाकून येत नाहीयेत, हे खरं ना?"

"खरं," फलकताई म्हणाली.

"मग परीक्षेनंतरच्या बॅचला माझ्या मुलीचं नाव घाला."

ती गेल्यावर सरांचा चेहरा जरा सैलावला. तक्त्याकडे बघत ते म्हणाले, "हे चाललं की हो. पुढच्या महिन्यात माझ्याही ओळखीत असंच घाला ना. वर्ग अर्ध्यात सोडत नाहीत वगैरे."

फलकताईला त्यांनी वर्षाच्या मध्येच सोडलेला आधीचा वर्ग आठवला.

"तुमच्यासाठी दुसरं शोधू, सर," ती म्हणाली.